पाये आणि नळी: आत काय असतं, आणि दोघांना किती वेळ शिजवायचं

पाये रबरासारखे चिवट लागले आणि नळी चोखायला घेतली तर आतून रिकामी निघाली, अशी तक्रार नवशिक्यांकडून एकाच जेवणाबद्दल ऐकू येते. दोन्ही चुका एकाच कारणाने होतात. पाये आणि नळी एकत्र कुकरात टाकली जातात आणि दोघांना सारखाच वेळ दिला जातो. खरं तर पायांना तास-दीड तास लागतो आणि नळीतली मज्जा वीस मिनिटांत तयार होते. पाये कमी शिजले की चिवट राहतात, मज्जा जास्त शिजली की विरघळून रश्श्यात जाते. म्हणून एकाच पातेल्यात दोन वेळा सांभाळायच्या असतात. हे का, ते आत काय आहे हे पाहिलं की कळतं.

बोकडाच्या पायात, म्हणजे गुडघ्याखालच्या भागात, मांस जवळजवळ नसतंच. कातडी, हाडं, सांध्यांतली कूर्चा आणि हाडाच्या बाजूने जाणाऱ्या जाड पांढऱ्या शिरा, एवढाच ऐवज. या शिरा रक्ताच्या नसून कंडरा असतात. जनावराचं वजन आणि पळणं त्यांच्या ताणावर चालतं. कातडी, कूर्चा, कंडरा या सगळ्यांचा मुख्य घटक एकच, तो म्हणजे कोलॅजन. हे प्रथिन तीन धाग्यांचा पीळ दिलेल्या दोरीसारखं असतं. कच्चं असताना ती दोरी इतकी घट्ट असते की चावता येत नाही. पाण्यात गरम केलं की साठ-पासष्ट अंशांच्या आसपास ती आधी आकसते. पाये या टप्प्यावर काढले तर कच्च्यापेक्षाही जास्त चिवट लागतात. त्यापुढे उष्णता मिळत राहिली की पीळ सुटतो, धागे मोकळे होतात आणि पाण्यात मिसळतात. यालाच जिलेटिन म्हणतात. बोटांना चिकटणारा, ओठ लडबडणारा पाया म्हणजे जिलेटिन झालेलं कोलॅजन.

नळीची गोष्ट उलट. मांडीच्या किंवा पुढच्या पायाच्या वरच्या भागातलं लांब हाड पोकळ असतं आणि त्यात मज्जा भरलेली असते. चांगल्या पोसलेल्या मोठ्या जनावरात या मज्जेचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग चरबी असतो, बाकी बरंचसं पाणी आणि थोडी प्रथिनं. तिला फक्त वितळवायचं नाही, एवढंच पाहायचं. कोवळ्या बोकडाच्या नळीत लाल मज्जा जास्त असते. ती रक्ताच्या पेशी तयार करत असते, म्हणून रंग लालसर आणि चव कमी लुसलुशीत. उलट उपाशी, खंगलेल्या जनावराची मज्जा पाणचट, पातळ जेलीसारखी होते, कारण शरीर गरजेच्या वेळी तिच्यातली चरबीही वापरून टाकतं. नळी रिकामी निघाली तर दरवेळी दोष शिजवण्याचा नसतो, हे त्यावरून लक्षात यावं.

पायातही एक लांब नळीचं हाड असतं, बोटांच्या वर. त्यातल्या मज्जेची चरबी मांडीच्या नळीतल्या चरबीपेक्षा पातळ असते, कारण शरीराचा शेवटचा भाग थंड राहतो आणि तिथली चरबी थंडीत घट्ट होऊन चालत नाही. खाटकाने हे हाड मधोमध तोडलं की तासभराच्या शिजण्यात ती रश्श्यात उतरणारच. त्याचं दु:ख करू नका. पायाच्या रश्श्यावरचा तेलकट सोनेरी तवंग बराचसा त्याचाच असतो. चोखायची नळी मात्र वेगळी घ्यावी.

खाटकाकडे काय सांगायचं

नाशिकमध्ये जुन्या नाशकात असो की सिडको, नाशिकरोडला, पाये बहुतेक ठिकाणी भाजून, केस जाळून देतात. पण रविवारी सकाळच्या गर्दीत काम अर्धवट होतं. म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. चार पाये, प्रत्येकाचे तीन तुकडे, आणि खुराचं काळं कवच काढलेलं, एवढं स्पष्ट सांगा. खूर गरम असताना ते कवच सैल होतं आणि झटक्यात निघतं. थंड झाल्यावर घरी काढायला बसलात तर सुरी निसटते. कवच राहिलंच तर पाये उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, कापडाने धरा आणि सुरीच्या मुठीने ठोकून काढा. आतला गुलाबी-पांढरा भाग खायचा असतो, तो कापून टाकू नका.

नळीसाठी मांडीच्या हाडाचे दोन-अडीच इंचांचे तुकडे मागा, मांस बहुतेक काढलेले. एका बाजूला सांध्याचा गोळा राहू दिलात तर ती बाजू बंद राहते आणि मज्जा सांडायला एकच तोंड उरतं. सुऱ्याने फोडलेल्या हाडाचे बारीक कण मज्जेत शिरतात, म्हणून जिथे करवत असेल तिथे करवतीने कापून घ्या.

जनावराचं वय विचारा, पण उत्तरावर पूर्ण विसंबू नका; तोडलेलं हाड पाहा. कोवळ्या बोकडाचं हाड कापल्यावर लालसर, ओलं, सच्छिद्र दिसतं. वयस्क जनावराचं पांढरं, टणक, कोरडं दिसतं. वय का महत्त्वाचं? कोलॅजनच्या दोऱ्यांमध्ये वयाबरोबर एकमेकींना बांधणाऱ्या गाठी वाढत जातात आणि त्या उष्णतेला सहज सुटत नाहीत. आठ-दहा महिन्यांच्या बोकडाचे पाये आणि तीन-चार वर्षांच्या जनावराचे पाये एकाच कुकरात सारखे शिजणार नाहीत. दोन वेगळ्या दुकानांतून पाये आणून एकत्र करण्याच्या फंदात म्हणूनच पडू नये.

पाये मेंढीचे असतील तर दोन बोटांच्या मधोमध, पुढच्या बाजूला एक छोटी पिशवीसारखी ग्रंथी असते. तिच्यातून मेणचट, उग्र वासाचा स्राव येतो. सुरीच्या टोकाने ती उचलून काढून टाका. शेळी-बोकडाला ती नसते.

साफ करणं

भाजलेल्या पायांवर काळा थर आणि मधूनमधून केसांचे ठुसे राहिलेले असतात. बोटांच्या मधली घडी आणि खुराच्या वरची कड या दोन जागा नेहमी फसवतात. गॅसच्या ज्वाळेवर पाये चिमट्याने धरून फिरवा, राहिलेले केस जळू द्या, मग सुरीच्या पाठीने, म्हणजे धारेच्या उलट्या बाजूने, खरवडा. त्यानंतर एक चमचा हळद आणि दोन मुठी जाडसर पीठ, गव्हाचं किंवा बाजरीचं, कोरडंच चोळा. पिठाचे कण काळा थर आणि चिकटपणा दोन्ही ओढून घेतात. तीन पाण्यांनी धुवा. तिसऱ्या पाण्याला धुराचा वास नको. भाजलेल्या कातडीचा हलका वास राहिला तर तो हवाच असतो, जळक्या केसांचा राहिला तर तो रश्श्यात शेवटपर्यंत लागतो आणि कोणताही मसाला तो झाकत नाही.

यानंतरची पायरी घाईत सगळे वगळतात. पाये थंड पाण्यात बुडवून ठेवा, मोठ्या आचेवर उकळी आणा, पाच मिनिटं खळखळू द्या आणि ते पाणी ओतून टाका. राखाडी फेस वर येतो, तो रक्तातल्या प्रथिनांचा. ‘सगळं सत्त्व गेलं’ असं वाटतं, पण जात नाही. एवढ्या वेळात कोलॅजन नुसतं आकसलेलं असतं, विरघळलेलं नसतं, त्यामुळे फेकलेल्या पाण्यात जिलेटिन नावालाच असतं. पातेलं घासून घ्या, कडेला चिकटलेला फेस पुढच्या पाण्यात नको.

शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा

‘दहा शिट्ट्या’ हे माप पायांना चालत नाही. मोठ्या आचेवर दहा शिट्ट्या बारा मिनिटांत होतात, मंद आचेवर त्यांना तास लागू शकतो. कोलॅजनला शिट्टीशी देणंघेणं नाही, किती तापमानात किती वेळ राहिलं एवढंच त्याला कळतं. कुकरात दाब पूर्ण आल्यावर आतलं पाणी साधारण 118 ते 120 अंशांवर असतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच आहे, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. वीस-बावीस अंशांचा हा फरक वेळ चौपट-पाचपट बदलतो.

पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी ठेवा. झाली की आच इतकी कमी करा की वाफेचा बारीक आवाज येत राहील आणि शिट्टी क्वचितच होईल. घड्याळ इथून सुरू करा. कोवळ्या बोकडाच्या पायांना 35 ते 40 मिनिटं, मध्यम वयाच्याला 50, पांढऱ्या हाडाच्या वयस्क जनावराला सव्वा तासापर्यंत. आच बंद केल्यावर वाफ जबरदस्तीने सोडू नका, कुकर आपोआप उतरू द्या, पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तीही शिजण्यातच धरा. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आत एकदम जोरात उकळी येते, चिकट रस फसफसून वर येतो आणि शिट्टीची वाट तुंबू शकते. त्याच कारणासाठी कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नये.

कुकर न वापरता जाड बुडाच्या पातेल्यात करायचं तर चार ते पाच तास धरा, वयस्क पायांना सहा. पाण्यावर हलके बुडबुडे येत राहतील एवढीच आच हवी. खळखळून उकळलं तर चरबी पाण्यात घुसळली जाऊन रस्सा दुधाळ, जड होतो. पाणी आटलं तर उकळतं पाणी घाला. गार पाणी ओतलं की तापमान खाली येतं आणि घड्याळ थांबतं. पाये सतत पाण्याखाली राहिले पाहिजेत, वर डोकावणारी बाजू कोरडी आणि चामड्यासारखी होते.

मीठ, हळद, आलं-लसूण सुरुवातीला घालायला हरकत नाही. काळ्या मसाल्याचं वाटण मात्र आधी घालू नये. भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा घट्ट असल्याने तळाशी बसतं, पाऊण तासात करपतं आणि मग सगळ्या भांड्याला कडू झाक येते. शिवाय मसाल्याचा सुगंध तासभराच्या वाफेत उडून जातो. मसाला पाये मऊ झाल्यावर.

मऊ झाला हे कसं ओळखायचं

काट्याने टोचून पाहणं बेभरवशाचं, कारण पायात टोचायला मांसच नाही. त्याऐवजी दोन गोष्टी करा. बोटांचा तुकडा चिमट्यात धरून हलकेच वाकवा. शिजलेला असेल तर सांधा सुटतो आणि लहान हाड अलगद वेगळं होतं. मग कंडऱ्याचा तुकडा घेऊन चिमटीत दाबा. तो अर्धपारदर्शक झालेला असेल आणि बोट आरपार जात असेल तर झालं. पांढरा, अपारदर्शक आणि दाबल्यावर परत फुगणारा असेल तर अजून पंधरा मिनिटं. कातडी मऊ पण कंडरा चिवट, ही अर्धवट अवस्था सगळ्यात जास्त फसवते, कारण कातडी आधी होते.

कमी शिजलेला पाया बिघडलेला नसतो, परत झाकण लावून पुढे शिजवला की तो मऊ होतोच. जास्त शिजण्याला मात्र परतीची वाट नाही. कुकरात दोन तास ठेवले तर कातडी हाडावरून गळून पडते आणि जिलेटिनचे धागेसुद्धा तुटून लहान होतात. रस्सा दाट दिसतो, पण ओठांना चिकटत नाही.

एका रविवारचा हिशेब

चार माणसांसाठी धरू. चार पाये, साफ करण्याआधी साधारण 800 ग्रॅम, बारा तुकडे. नळीचे चार तुकडे, सुमारे 300 ग्रॅम. पाच लिटरचा कुकर.

सकाळी आठला नळीचे तुकडे थंड पाण्यात चिमूटभर मीठ टाकून भिजत ठेवले. तासाभरात तोंडाशी साकळलेलं रक्त पाण्यात येतं, मधे एकदा पाणी बदललं. तोवर पाये खरवडले, पीठ चोळलं, धुतले. पावणेनऊला पहिली उकळी देऊन पाणी टाकलं. नऊला कुकरात पाये, दीड लिटर पाणी, एक चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, मोठा चमचाभर आलं-लसणाचं वाटण, एक चिरलेला कांदा. सव्वानऊला पहिली शिट्टी, आच बारीक. हाड लालसर होतं म्हणून 40 मिनिटं धरली, पाच मिनिटं कमी दहाला गॅस बंद, सव्वादहाला झाकण उघडलं.

तपासलं तर पुढच्या पायांचे तुकडे झालेले, मागच्या पायांच्या कंडरा अजून पांढऱ्या. मागचे पाये लांब आणि त्यांच्या कंडरा जाड असतात, त्यामुळे असं होतं. झालेले सहा तुकडे बाहेर काढून ठेवले आणि बाकीच्यांना आणखी पंधरा मिनिटं दिली. सगळे आत ठेवूनही चाललं असतं, पण मग पुढच्या पायांची कातडी फाटली असती.

तोवर कढईत दोन कांदे आणि पाव वाटी सुकं खोबरं भाजून वाटण केलं. दोन चमचे तेलात वाटण परतून तेल सुटल्यावर अडीच चमचे काळा मसाला घातला, त्यात पायांचा रस गाळून ओतला आणि सगळे तुकडे परत टाकले. रस आता सव्वा लिटरच्या आसपास भरतो.

अकराला रस्सा मंद उकळायला लागल्यावर नळीचे तुकडे उभे ठेवले, उघडं तोंड वर, पाणी त्या तोंडाच्या जरा खाली राहील असे. झाकण अर्धवट. वीस मिनिटं. या वेळात पातेल्यात डाव फिरवायचा नाही, नळ्या आडव्या पडल्या की मज्जा घसरते. दोन्ही तोंडं उघडी असलेला तुकडा असेल तर खालचं तोंड घट्ट मळलेल्या कणकेने बंद करा. कणीक शिजते, खाताना काढून टाकायची.

नळी झाली की नाही ते पाहायला लांब काडी किंवा सुईसारखा पातळ चमचा मज्जेत उभा घाला. अडथळा न होता तळापर्यंत गेला आणि बाहेर काढल्यावर टोक गरम लागलं तर झाली. मध्ये कडक, लाल गाभा लागत असेल तर पाच मिनिटं आणखी. कडेने मज्जा हाडापासून सुटलेली आणि पातळी खाली गेलेली दिसली तर तुम्ही उशीर केलात, लगेच काढा. गरम असतानाच वाढा.

नळीला मांस भरपूर लागलेलं असेल तर वीस मिनिटांत मांस शिजणार नाही. अशा वेळी नळी कापून घेऊच नका. दोन्ही टोकांचे गोळे शाबूत असलेलं अख्खं हाड पायांबरोबर कुकरात शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांसाठी टाका आणि शिजल्यावर पोळपाटावर सुऱ्याच्या पाठीने फोडा. बंद हाडातून मज्जा निसटायला जागा नसते.

ताटात काय आलं

हाड मोडल्यावर पायाचं सूप द्यायची पद्धत घरोघरी आहे, तेव्हा त्यात काय आहे हे नीट कळलेलं बरं. प्रथिन भरपूर येतं, पण अपुरं. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे शरीराला अत्यावश्यक असलेलं अमिनो आम्ल नसतं, म्हणून केवळ पायाच्या सूपवर रुग्णाला ठेवू नये, सोबत डाळ, अंडं, दूध हवंच. पोटात गेलेलं जिलेटिन पचून त्याचे तुकडे होतात, ते थेट सांध्यात जाऊन बसत नाही. कॅल्शियमबद्दलचा समज तर बराच फुगलेला आहे. हाडातलं कॅल्शियम खनिजाच्या रूपात घट्ट बसलेलं असतं आणि साध्या पाण्यात तासभर उकळून त्यातलं फार थोडं बाहेर येतं. लिंबू किंवा टोमॅटो घातल्याने किंचित वाढतं, पेलाभर दुधाची बरोबरी होत नाही. नळीतून मिळते ती मुख्यतः चरबी, म्हणजे ऊर्जा. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी आणि हृदयविकाराच्या पथ्यावर असलेल्यांनी दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच खाव्यात.

उरलं तर

रस्सा दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. दुसऱ्या दिवशी भांडं उलटं केलं तरी रस्सा सांडत नसेल, चमच्याने कापता येत असेल, तर पायांना वेळ बरोबर मिळाला होता. डिसेंबर-जानेवारीत, निफाडकडे पारा एक आकडी होतो त्या दिवसांत, ओट्यावर ठेवलेलं पातेलंही सकाळपर्यंत थिजतं. पण थिजलं म्हणून टिकलं असं नाही, रात्रभर बाहेर राहिलेला रस्सा टाकून द्यावा. फ्रीजमध्ये थिजलेल्या रश्श्यावर चरबीचा पिवळसर थर येतो. पथ्य असेल तर तो चमच्याने उचलून काढा, खाली फक्त पायांचा रस उरतो. परत गरम करताना पाणी घालायची घाई करू नका. थिजलेला गोळा मंद आचेवर आपोआप पातळ होतो आणि आधी घातलेलं पाणी मग रस्सा पांचट करतं. पातळ झाल्यावर मात्र एकदा नीट उकळी आणा आणि मगच बाजरीच्या भाकरीबरोबर वाढा.